मुलांना सांगताना आधी देहाचं, मग आत्म्याचं



मधे दीड महिना इथे काहीच लिहिलं नाही. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, वारले. वय शहात्तर. हृदय गेली दोन वर्षं अशक्त झालं होतं, फुप्फुसात पाणी साचायचं, शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होते आणि दहाव्या रात्री अडीचच्या सुमारास त्यांचं हृदय थांबलं. विचारपूस करणाऱ्या सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देता आलं नाही, पण तीन-चार जणींनी एकच गोष्ट विचारली होती: "पोरांना कसं सांगितलंस गं?" त्याबद्दल लिहायचं ठरवलं. थोरली सहा वर्षांची, धाकटा पुढच्या महिन्यात चारचा होईल. त्यांची नावं मी इथे कधी लिहीत नाही, आजही नाही.

लग्नाआधी आणि नंतर मिळून मी अकरा वर्षं बालवाडीत शिकवलं आहे. त्या वर्षांत घरात मरण झालेली मुलं वर्गात यायची. त्यांना घरच्यांनी काय सांगितलंय ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या खेळातून कळायचं. एका मुलाला आजी "झोपली" असं सांगितलं होतं. तो वर्गात दुपारी चटईवर आडवा व्हायला तयार नव्हता, हात धरला की किंचाळायचा. दुसरीला आजोबा "गावाला गेले" म्हणून सांगितलं होतं. ती पोर रोज एसटी आली की फाटकाशी जाऊन उभी राहायची. म्हणून अण्णा दवाखान्यात असतानाच मी ह्यांच्याशी बोलून ठेवलं होतं की सांगायची वेळ आली तर आपण दोघांनीच सांगायचं, भावकी जमायच्या आत सांगायचं, आणि शब्द ठरवूनच खोलीत जायचं.

शब्द ठरवणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. आपल्या भाषेत मरण झाकायला कितीतरी शब्द आहेत आणि मोठ्यांना ते बरे पडतात. सगळ्यात नेहमीचा शब्द म्हणजे "गेले". पण अण्णा रोजच कुठेतरी जायचे. शेतावर गेले, सोसायटीत गेले, जयसिंगपूरला गेले, आणि दरवेळी दिवस मावळायच्या आत जेवायला परत आले. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात "गेले" या शब्दाच्या पुढे "परत आले" जोडलेलंच असतं. "देवाघरी गेले" हे तर आपल्या घरात बसतच नाही. आपले देव कुणाला न्यायला येत नाहीत, सिद्ध भगवान कुणाला बोलवत नाहीत, आणि हे आपण पोरांना एरवी आवर्जून सांगतो. मग मरणाच्या दिवशी अचानक देवाने अण्णांना नेलं म्हटलं, तर त्यातून निघतं एवढंच की देव माणसं पळवतो. अशा मुलाने बस्तीत मूर्तीपुढे निर्धास्त उभं कसं राहायचं? तारा झाले, आकाशातून बघतात, हेही तसंच. बघतात तर बोलत का नाहीत, हा पुढचा प्रश्न आलाच.

मी ठरवलेलं वाक्य असं होतं: "अण्णा काल रात्री वारले. वारले म्हणजे मेले." "वारले" हा आदराचा शब्द आहे, पण लहान मुलाला तो माहीत नसतो. "मेलं" मात्र माहीत असतं. वाटेवर मेलेलं फुलपाखरू, पागोळीखाली पडलेलं चिमणीचं पिल्लू त्यांनी पाहिलेलं असतं. त्या एका ओळखीच्या शब्दाला धरूनच पुढचं समजतं.

पहाटे सव्वासहाला दोघांना उठवलं, तोंड धुतलं, दूध दिलं. पोटात काहीतरी असलेलं बरं. मग आतल्या खोलीत ह्यांनी धाकट्याला मांडीवर घेतलं, मी थोरलीला जवळ घेतलं आणि सांगितलं. "अण्णांचं हृदय खूप खूप आजारी होतं. डॉक्टरांनी खूप औषधं दिली. तरी काल रात्री ते थांबलं आणि अण्णा वारले. वारले म्हणजे मेले. आता त्यांचं अंग श्वास घेत नाही, हलत नाही, त्यांना काही दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत उठणार नाहीत." एवढंच. सगळं मिळून अर्धा मिनिट झालं असेल. ह्यांचा आवाज मधेच फुटला, ते रडले, आणि मी पोरांना सांगितलं की बाबांना अण्णांची आठवण येते म्हणून रडू येतंय.

थोरली गप्प झाली. धाकटा म्हणाला, "मग मला बिस्कीट?"

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांना सांगते, त्यात काही निर्दयपणा नाही. लहान मुलाला दुःख सलग पेलत नाही. ते डबक्यात पाय घातल्यासारखं करतं, आत जातं, बाहेर येतं, तासाभराने पुन्हा जातं. बिस्कीट मागणारा तोच मुलगा दुपारी अण्णांच्या काठीला मिठी मारून अर्धा तास रडला. म्हणून "अरे, अण्णा गेले आणि तुला बिस्कीट सुचतंय?" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवावं.

दाराशी उभ्या आईंनी माझं वाक्य ऐकलं होतं. त्यांना लागलं. "मेले काय म्हणतेस गं? कुत्रं-मांजर आहेत का ते?" बावन्न वर्षांच्या संसारानंतर त्या सकाळी तो शब्द कानावर पडणं किती जड असेल, याची मला कल्पना आहे. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आई, मोठ्यांशी बोलताना मी वारलेच म्हणेन. त्या दोघांना एकदाच कळू दे, म्हणजे ते रोज वाट बघत बसणार नाहीत." त्या काही बोलल्या नाहीत. शब्द त्यांना पटला का, हे मी नंतरही विचारलं नाही.

साडेआठला अण्णांना घरी आणलं. मुलांना दाखवायचं की नाही यावर घरात दोन मतं होती. माझं मत असं की मुलाला विचारावं, पण विचारायच्या आधी काय दिसेल ते सांगावं, नाहीतर त्या विचारण्याला अर्थ नाही. मी सांगितलं, "अण्णांना सोप्यात चटईवर ठेवलंय. डोळे मिटलेले आहेत. नाकात कापसाचे बोळे आहेत. हात लावलास तर गार लागेल. आज्जी, आत्या मोठ्याने रडत असतील. तुला बघायचंय का? नको असेल तरी चालेल, आणि मधेच बाहेर यायचं असेल तरी चालेल." थोरली हो म्हणाली, धाकटा तिच्या मागोमाग. माझ्या मामेबहिणीला मी एकच काम दिलं होतं की या दोघांचा हात सोडायचा नाही आणि त्यांनी म्हटलं की लगेच बाहेर न्यायचं. घरच्या माणसांकडून ते होत नाही, त्यांना स्वतःचंच सावरत नसतं.

थोरलीने अण्णांच्या हाताला एक बोट लावलं आणि मागे घेतलं. धाकटा आत पळाला आणि डब्यातून शेंगदाण्याचा लाडू घेऊन आला. अण्णांना तो फार आवडायचा. त्याने तो त्यांच्या ओठांशी नेला. सोप्यातल्या बायकांचा हुंदका फुटला, कुणीतरी त्याला ओढायला हात पुढे केला. बहिणीने शांतपणे खाली बसून त्याला सांगितलं, "अण्णांना आता खाता येत नाही. त्यांचं तोंड, पोट, सगळं थांबलंय. लाडू तू त्यांच्याजवळ ठेवतोस का?" त्याने ठेवला. थोडा वेळ बघत राहिला आणि मग स्वतःच म्हणाला, "अण्णा खात नाहीत." सकाळी मी जे शब्दांत सांगितलं होतं ते त्याला तिथे कळलं.

मला त्या क्षणी पद्मपुराण आठवलं. रविषेणाचार्यांनी त्यात रामाची गोष्ट सांगितली आहे. लक्ष्मण मेल्यावर राम ते मानायलाच तयार नसतो. तो लक्ष्मणाच्या देहाला आंघोळ घालतो, वस्त्रं नेसवतो, तोंडात घास देतो, खांद्यावर घेऊन फिरतो. सहा महिने हे चालतं. शेवटी दोन देव येतात, पूर्वी त्याच्याच जवळचे असलेले जटायू आणि सेनापती कृतान्तवक्त्र. ते त्याला उपदेश करत नाहीत. ते वाळलेल्या झाडाला पाणी घालत बसतात, लोण्यासाठी पाणी घुसळतात, तेलासाठी वाळू रगडतात. रामाला हा वेडेपणा दिसतो, आणि मग त्यात आपलाही दिसतो. बलभद्र असलेल्या रामाला जिथे सहा महिने लागले, तिथे साडेतीन वर्षांच्या पोराने सोप्यात एक लाडू पुढे केला तर त्याला ओढून न्यायचं कशाला? आणि त्या देवांची रीत मला फार आवडते. मुलाला करू द्यावं आणि बघू द्यावं, म्हणजे देह आता काही घेत नाही हे ते स्वतः पाहतं.

अंत्यसंस्काराला पोरांना नेलं नाही. पण अण्णांचं काय करणार हे लपवलंही नाही. इथे क्रम महत्त्वाचा. अंगाला आता काहीच लागत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, हे आधी पक्कं झालं पाहिजे, मगच अग्नीचं सांगावं. उलट केलं तर पोरं रात्रभर अण्णांना भाजलं का, याच विचारात राहतात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला थोरली आली. तिने विचारलं, "हाडं दुखली नसतील ना?" तिला तोपर्यंत उत्तर माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती आपल्या घरांतली खास अडचण आहे, आणि इतर कुठे लिहिलेली मी पाहिली नाही.

आपण आत्मा मानतो. देह सुटला की आत्मा क्षणाचाही उशीर न करता नव्या गतीकडे जातो, मधे कुठे घुटमळत नाही. म्हणून आपल्यात पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. मोठ्या माणसाला यात फार मोठा आधार आहे. चौथ्या दिवशी आत्या, म्हणजे माझ्या वन्सं, धाकट्याला मांडीवर घेऊन मायेने म्हणाल्या, "रडू नको रे सोन्या, आपले अण्णा आता कुठल्यातरी घरात बाळ होऊन आले असतील." धाकट्याचे डोळे लगेच पुसले गेले. समोरच्या घरी दहा-बारा दिवसांपूर्वी बाळ झालं होतं. संध्याकाळी तो त्या घराच्या पायरीवर बसलेला सापडला. त्याला अण्णांना घरी आणायचं होतं.

बालवाडीच्या प्रशिक्षणात आम्हाला मारिया नागी या बाईंच्या कामाबद्दल शिकवलं होतं. त्यांनी बुडापेस्टमध्ये तीन ते दहा वर्षांच्या 378 मुलांकडून मरणाबद्दल काय वाटतं ते जाणून घेतलं आणि 1948 साली ते छापलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे एक प्रकारचा प्रवास किंवा झोप वाटते. माणूस दुसरीकडे राहतो, खातो, फक्त इथे नसतो. मरण परतीचं नाही, त्यात अंगाचं सगळं काम थांबतं, आणि ते प्रत्येकाला येतं, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगायला लागतात, असं पुढच्या अभ्यासकांनी मांडलं. आता विचार करा. ज्या मुलाला आधीच वाटतंय की अण्णा कुठेतरी दुसरीकडे राहतायत, त्याला आपण पहिल्याच आठवड्यात पुनर्जन्म सांगितला, तर त्याच्या लेखी आपण पत्ताच दिला. तत्त्व खरं असलं तरी ते मुलाच्या डोक्यात "परत येतील" असंच उतरतं.

म्हणून मी घरात सगळ्यांना विनंती केली की बारावा होईपर्यंत पोरांपुढे आत्म्याचं काही काढायचं नाही. वन्संना जरा राग आला. "धर्माचं सांगायचं नाही म्हणजे काय?" मी म्हटलं, "सांगायचंच आहे, पण देहाचं पक्कं झाल्यावर." धाकट्याला मी पायरीवरून आणलं आणि सांगितलं, "ते बाळ अण्णा नाहीत. ते त्यांच्या आईचं बाळ आहे. अण्णा वारले, ते परत येणार नाहीत." तो पुन्हा रडला. पुसलेले डोळे पुन्हा ओले करायला आईला किती जिवावर येतं ते तुम्हाला सांगायला नको. पण तो त्या पायरीवर दुसऱ्यांदा गेला नाही.

थोरलीला आत्म्याचं सांगितलं ते विसाव्या दिवशी, तेही तिनेच विचारलं तेव्हा. मी म्हटलं, अण्णांच्या आत जाणणारा जीव होता, तो देह सोडून पुढे गेला, तो मरत नाही. तिने विचारलं, "मग तो मला ओळखेल?" मी म्हटलं, "नाही. जीव पुढे गेला, पण आपले अण्णा म्हणजे तो चष्मा, ती काठी, तुला 'ए सरकार' म्हणून मारलेली हाक. ते आता नाही. ते आपल्या आठवणीतच." तिने थोडा वेळ विचार करून म्हटलं, "म्हणजे जीव आहे पण अण्णा नाहीत." भेदविज्ञानावरची किती प्रवचनं ऐकली असतील मी, पण इतकं स्वच्छ वाक्य क्वचित ऐकलंय. धाकट्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला वर्षभर तरी लागेल.

वन्संनी आणखी एक सांगितलं होतं, की दिव्यातलं तेल संपलं की दिवा विझतो, तसं अण्णांचं आयुष्य संपलं. धाकटा तत्काळ म्हणाला, "मग तेल घालायचं ना!" सगळे हसले, रडता रडता. उपमा मोठ्यांसाठी असतात. लहानांना जे आहे ते सांगावं.

नवव्या दिवशी रात्री थोरली मला म्हणाली, "आई, तुला एक सांगू? रागावणार नाहीस ना?" अण्णा दवाखान्यात जायच्या आधी ती त्यांच्याच खोलीत झोपायची. आडवं झालं की त्यांचा खोकला सुरू व्हायचा, तिची झोपमोड व्हायची. एका रात्री ती चिडून म्हणाली होती, "तुम्ही दवाखान्यातच राहा!" तीन दिवसांनी त्यांना खरंच दवाखान्यात न्यावं लागलं. नऊ दिवस ती हे पोटात धरून होती. त्या दिवसांत ती सारखं पोट दुखतंय म्हणायची, आम्ही ओवा देत होतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपल्या बोलण्यात, मनात आणण्यात जग हलवायची शक्ती आहे असं वाटत असतं. त्यामुळे घरात मरण झालं की बहुतेक मुलं कुठेतरी स्वतःचा हात शोधतात. आणि ते स्वतःहून क्वचितच सांगतात. ऐकून घेताना मी "छे, काहीतरीच" म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं की मूल गप्प बसतं आणि समजूत मात्र तशीच राहते. मी विचारलं, "तुला वाटतंय तू बोललीस म्हणून अण्णा वारले?" तिने मान हलवली. मग मी तिला खरं कारण सांगितलं. हृदय म्हणजे अंगातला पंप. अण्णांचा पंप दोन वर्षांपासून अशक्त होता, म्हणून पाणी फुप्फुसात साचायचं, आडवं झालं की ते जास्त जाणवायचं, म्हणून खोकला. "तू बोललीस त्याच्या कितीतरी आधीपासून ते होतं. बोलण्याने हृदय थांबत नाही. तू चिडलीस ते अण्णांना माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी तुला शाळेत सोडायला तेच आले होते." हे शेवटचं तिला आठवत नव्हतं. ती खूप रडली आणि झोपली. पोट दुखणं दोन-तीन दिवसांत थांबलं.

इथे कर्माचं बोलणं जपून करावं लागतं. समाचाराला आलेल्या एका काकांनी "ज्याचं त्याचं कर्म" म्हटलं आणि थोरलीने लगेच विचारलं, अण्णांनी पाप केलं होतं का? आयुकर्म म्हणजे शिक्षा नव्हे. प्रत्येक संसारी जीवाच्या आयुष्याला मर्यादा असते, मुनिमहाराजांच्याही. तिला मी एवढंच म्हटलं, "सगळ्यांचंच अंग कधीतरी थांबतं. चांगल्यांचंही." त्यावर तिचा प्रश्न अर्थातच, "तुझंही?" "हो. पण बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर मरतात. मी आत्ता ठणठणीत आहे." कधीच मरणार नाही असं वचन मी दिलं नाही. पण मला काही झालं तर त्यांच्याजवळ बाबा, आज्जी, आत्या, मामा कोण कोण असतील ते बोटांवर मोजून दाखवलं. मुलाच्या त्या प्रश्नामागे बहुतेक वेळा तेच असतं, की मला कोण सांभाळेल.

रडण्याबद्दलही थोडं लिहिते, कारण त्यावर मला दोन फोन आले. इष्टवियोगाचा शोक हे आर्तध्यान, त्याने असाता बांधली जाते, हे मलाही माहीत आहे. पण ते शास्त्र मोठ्यांनी स्वतःकडे बघून वाचायचं आहे. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडावर हात ठेवायला ते सांगितलेलं नाही. "रडू नको, अण्णांना त्रास होईल" असं तर मुळीच म्हणू नये. एक तर ते आपल्या मान्यतेप्रमाणे खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे रडलं की अण्णांना आपण छळतो असं मुलाला वाटतं. आमच्याकडे आई रोज दुपारी अण्णांच्या खुर्चीजवळ बसून रडायच्या आणि धाकटा त्यांच्या पदराशी खेळत बसायचा. रडून झालं की त्या त्याला गाळलेलं पाणी आणायला सांगायच्या, दोघं प्यायचे. मी त्यात पडले नाही.

रात्रींचं म्हणाल तर धाकट्याने सहा वेळा अंथरूण ओलं केलं. त्याचं वर्षभरापूर्वी थांबलं होतं. न बोलता चादर बदलायची. मला सर्दी झाली तेव्हा थोरली माझ्या उशाशी बसून श्वास मोजत होती. तेव्हा कळलं की नुसतं "आजारी होते म्हणून वारले" असं घरात कुणीही म्हणू नये. अण्णांचा आजार आणि आपली सर्दी यांत फरक आहे हे तिला पुन्हा सांगितलं, पाचव्यांदा असेल. शाळेत बाईंना आधीच कळवलं होतं, आणि आम्ही घरी कोणते शब्द वापरतो तेही, म्हणजे तिथे कुणी तारा दाखवू नये.

बारा दिवसांच्या सुतकाचा मुलांवर वेगळाच परिणाम होतो, हे माझ्या आधी लक्षात आलं होतं म्हणून बरं. रोज सकाळी अण्णा दोघांना बस्तीत न्यायचे, धाकट्याच्या हातात तांदळाची छोटी डबी असायची. आता अण्णाही नाहीत आणि बस्तीही बंद. "देव रागावले?" त्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं. कॅलेंडरवर बारा चौकटी आखल्या आणि रोज एक खोडायला दिली. आपल्या घराची ही रीत आहे, बारा झाले की जायचं, देव रागावत नसतात. रात्री झोपताना नऊ वेळा णमोकार मात्र नेहमीसारखा चालू ठेवला, मनातल्या मनात. तिथेही एकदा त्याने विचारलंच, "नऊपेक्षा जास्त म्हटला तर अण्णा येतील?" "नाही. णमोकार काही मागायला नसतो. तो नमस्कार आहे." हे मात्र त्याने सहज मानलं.

तेराव्या दिवशी बस्तीत शांतिविधान झालं. त्या दिवशी गर्दी होती, पोरं खूश होती. अवघड गेली ती त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ, जेव्हा नेहमीसारखं जायचं होतं. धाकटा डबी घेऊन उंबऱ्यात उभा, आणि त्याच्या लक्षात आलं की बोट धरायला कोण? आईच उठल्या. गुडघे दुखत असून गेल्या. तेव्हापासून त्याच नेतात.

आता सहावा आठवडा चालू आहे. दोघं "अण्णा-अण्णा" खेळतात, बाहुलीला चटईवर ठेवून कापूस लावतात, भोवती बसून रडतात, मग बाहुली उठते आणि जेवते. सुरुवातीला आईंना ते बघवत नव्हतं. मी खेळू देते. या दिवसांत मुलाने खाणंपिणं टाकलं, महिना उलटला तरी शाळेला जायला घाबरलं, खेळणंच बंद केलं, किंवा मला पण मरून अण्णांकडे जायचंय असं म्हणालं, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या समुपदेशकाला दाखवावं. आमच्याकडे तसं काही झालं नाही. पोट दुखणं थांबलं, अंथरूण गेल्या दहा दिवसांत कोरडं आहे.

प्रश्न मात्र संपलेले नाहीत, आणि तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. दरवेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. काल संध्याकाळी जेवताना धाकट्याने अण्णांच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, अण्णा अजून मेलेलेच आहेत?"

"हो."

"उद्या पण?"

"उद्या पण."

"बरं," तो म्हणाला, आणि वाटी पुढे केली. "मला आमटी. आणि आज्जीला पण वाढ."